मागच्या खोलीतला फोन

गणपतीच्या पाच दिवसांत आमच्या ठाण्याच्या टू-बीएचकेमध्ये एका संध्याकाळी मी फोन मोजले. सतरा भरले. त्यातले दहा-बारा हॉलमध्ये होते, दोन स्वयंपाकघरात, आणि उरलेले मागच्या बेडरूममध्ये, जिथे पाहुण्यांच्या बॅगा आणि झोपलेली लहान मुलं असतात. राउटर नवा होता. सणाच्या तोंडावर मुद्दाम घेतला होता, कारण खोक्यावर लिहिलं होतं की यात बीमफॉर्मिंग आहे आणि एमयू-मिमोही आहे, म्हणजे प्रत्येक फोनला त्याच्या दिशेने सिग्नल मिळेल आणि सगळ्यांना एकाच वेळी मिळेल. हॉलमध्ये बसलेल्यांची काही तक्रार नव्हती. पण मागच्या खोलीत वहिनी ऑफिसच्या मीटिंगला बसल्या, की पाचव्या मिनिटाला हाक यायची, "अहो भाऊजी, तुमचं ते नवीन मशीन चालू आहे ना?"

मशीन चालू होतं. खोक्यावरचं लिहिलेलंही खोटं नव्हतं. पण ही दोन्ही तंत्रं कोणत्या फोनला मदत करतात आणि कोणत्या फोनला करू शकत नाहीत, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आधी बीमफॉर्मिंग. जाहिरातीत राउटरमधून टॉर्चसारखा एक झोत निघून थेट फोनवर पडताना दाखवतात. प्रत्यक्षात काय होतं ते समजायला पुण्याची विसर्जन मिरवणूक आठवा. मोठ्या पथकात पुढचा ढोल आणि मागचा ढोल यांत समजा चौतीस मीटरचं अंतर आहे. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. दोघांनी अगदी एकाच क्षणी टिपरू मारलं, तरी पुढे उभ्या असलेल्या माणसाला मागचा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो आणि ठेका फिसकटतो. आता मागच्याने तेवढा वेळ आधी टिपरू मारलं, तर त्या एका माणसाच्या कानाशी दोन्ही ठोके एकत्र पडतील आणि दणदणीत वाजतील. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याला मात्र ते जास्तच विस्कळीत वाटतील.

राउटरच्या चार अँटेना हेच करतात. एकच संदेश चौघीही पाठवतात, पण प्रत्येक जण किंचित पुढेमागे, अशा हिशेबाने की तुमचा फोन जिथे आहे तिथे चारही लहरी एका तालात पोचाव्यात. लहरी जुळल्या की त्यांची बेरीज होते. घरात लहरी भिंतींवर, फरशीवर, कपाटावर आपटून पाच वाटांनी येतात, त्यामुळे सरळ झोत असा बनत नाही. खोलीतल्या एका ठिकाणी सिग्नल थोडा दाट होतो, इतकंच. म्हणूनच बाहेरच्या अँटेना हाताने फोनच्या दिशेला वाकवून बीमफॉर्मिंग होत नसतं. ते काम आतली चिप वेळेच्या फरकाने करते.

पण कोणी किती पुढेमागे पाठवायचं, हे राउटरला कळतं कसं? तो फोनला विचारतो. आधी तो जाहीर करतो की आता मी मोजमाप पाठवतोय. मग एक रिकामं पॅकेट पाठवतो, ज्यात संदेश काहीच नसतो, फक्त ओळखीच्या लहरी असतात. प्रत्येक अँटेनाची लहर आपल्यापर्यंत कशी पोचली ते फोन मोजतो आणि त्याचा अहवाल कोनांच्या रूपात राउटरला परत पाठवतो. चार अँटेनांचा राउटर आणि दोन अँटेनांचा फोन असेल, तर हा अहवाल साधारण दीड ते अडीच किलोबाइटचा होतो. तो हाती आला की राउटर पुढची पॅकेटं त्या हिशेबाने पाठवतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतो.

पुन्हा विचारावं लागतं, कारण पाच गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर लांबीची असते. तुम्ही सोफ्यावर कूस बदलली आणि फोन तीन सेंटिमीटर सरकला, तरी अर्धी लहर सरकली, आणि तालात आलेल्या लहरी तिथे बेताल होऊ शकतात. ज्या वस्तू जागच्या हलत नाहीत त्यांना बीमफॉर्मिंग सर्वांत चांगलं लागू पडतं, याचं कारण हेच. भिंतीवरचा टीव्ही किंवा टेबलावर ठेवलेला लॅपटॉप यांचा अहवाल बराच वेळ खरा राहतो. हातात घेऊन घरभर फिरणाऱ्या फोनचा अहवाल राउटरच्या हाती पडेपर्यंत शिळा होऊ लागतो.

दुसरी अट अशी, की राउटर आणि फोन दोघांनाही ही विचारपूस एकाच पद्धतीने करता आली पाहिजे. 2009च्या वायफाय 4मध्ये बीमफॉर्मिंगच्या अनेक पद्धती ऐच्छिक म्हणून दिल्या होत्या. ज्याने त्याने आपापली निवडली, आणि एका कंपनीचा राउटर दुसरीच्या उपकरणाशी जुळेना. 2013च्या वायफाय 5मध्ये एकच पद्धत ठरली, तेव्हा कुठे हे तंत्र घरोघरी कामाचं झालं.

याचा फायदा किती? चार अँटेनांचा ताल अगदी तंतोतंत जुळला, तर सिद्धांताप्रमाणे फोनपाशी पोचणारी शक्ती चौपट होते. डेसिबलच्या भाषेत सहा. घरात त्यातले निम्मे हाती लागले तरी पुष्कळ, म्हणजे तीन डेसिबल, दुप्पट शक्ती. ऐकायला मोठं वाटतं. पण आरसीसीची एक भिंत यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती गिळते.

हे तीन डेसिबल फोन कुठे आहे त्याप्रमाणे कमी-जास्त उपयोगी पडतात. वायफायचा वेग जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. वायफाय 5च्या दोन अँटेनांच्या फोनला राउटरजवळ सर्वांत वरची पायरी मिळते, 866 एमबीपीएसची. तिच्या खालची 780ची. म्हणजे हॉलमधल्या फोनला बीमफॉर्मिंगने एक पायरी वर चढवलं, तरी फरक दहा-अकरा टक्क्यांचा, आणि तो कोणाला जाणवणारही नाही. मागच्या खोलीत एका अँटेनाचा जुना फोन सर्वांत खालच्या पायरीवर असतो, 32.5 एमबीपीएसच्या. तिथून वरची पायरी 65ची आहे आणि ती चढायला साधारण तीनच डेसिबल लागतात. म्हणजे तिथे वेग थेट दुप्पट. बीमफॉर्मिंगची खरी जागा ही आहे, रेंज संपत आलेली पण अजून संपलेली नाही अशी खोली. त्याच्याही पलीकडे गेलात, तर फोनचा तो दीड-दोन किलोबाइटचा अहवालच राउटरपर्यंत नीट पोचत नाही आणि सगळी योजना तिथेच थांबते.

आता दुसरं तंत्र, एमयू-मिमो. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. पंगतीत एकच वाढपी असावा आणि त्याने एकेका पानापाशी थांबून वाढावं, तसा राउटर एकेका फोनला वाढत जातो. हे इतक्या झपाट्याने होतं की प्रत्येकाला वाटतं वाढपी आपल्याच पानापाशी उभा आहे. एमयू-मिमो म्हणजे त्याच वाढप्याने दोन्ही हातांनी दोन पानांत एकदम वाढणं. वायफाय 5च्या राउटरांत हे 2016च्या सुमारास आलं, तेही फक्त पाच गिगाहर्ट्झवर आणि फक्त राउटरकडून फोनकडे जाणाऱ्या डेटासाठी. वायफाय 6ने ते 2.4 गिगाहर्ट्झवरही आणलं आणि फोनकडून राउटरकडे येणाऱ्या डेटासाठीही नियम घालून दिले.

हे होतं बीमफॉर्मिंगच्याच जोरावर, पण इथे काम दुप्पट अवघड आहे. एका फोनपाशी लहरी जुळवायच्या आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनपाशी त्याच लहरी एकमेकींना मारतील असं बघायचं, म्हणजे पहिल्याचा संदेश दुसऱ्याला ऐकूच जाऊ नये. लहरी जुळवताना थोडी चूक झाली तर बेरीज थोडी कमी होते, बिघडत काही नाही. लहरी मारताना तेवढीच चूक झाली, तर पहिल्याचा संदेश दुसऱ्याच्या कानात गोंगाट म्हणून घुसतो आणि दोघांचीही पॅकेटं पुन्हा पाठवावी लागतात. म्हणून अहवाल जास्त बारकाईचा लागतो आणि प्रत्येक फोनकडून वेगळा मागवावा लागतो. शिवाय राउटरची शक्ती तेवढीच असते, ती सगळ्यांत वाटली जाते.

त्यामुळे एमयू-मिमोला मनासारखी परिस्थिती अशी लागते: फोन राउटरच्या जवळपास हवेत, सिग्नल खणखणीत हवा, फोन एकमेकांपासून वेगळ्या बाजूंना हवेत, जागचे हलायला नकोत, आणि सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्या फाइली उतरवत असायला हवं. आता आमचा हॉल बघा. राउटर टीव्हीच्या कपाटावर, समोर एकच सोफा, त्यावर खांद्याला खांदा लावून चौघे, चौघांचे हात सतत हलतायत. एक जण रील बघतोय, दुसरी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतेय, तिसऱ्याचा व्हिडिओ पुढचे काही सेकंद आधीच उतरवून गप्प बसलाय. एकाच क्षणी दोघांचाही मोठा डेटा राउटरपाशी वाट बघत उभा आहे, असे प्रसंग थोडे. राउटर हे ओळखतो आणि बहुतेक वेळ आपला एकेकालाच वाढत राहतो. खोक्यावरचं वैशिष्ट्य चालू असतं, पण त्याला काम मिळत नाही.

आणि समजा मिळालं, तर वाचतं किती? हिशेब करून पाहू. आकडे ढोबळ आहेत. वायफायचा जो वेग फोन दाखवतो, त्यातला साधारण साठ टक्के प्रत्यक्ष डेटाला मिळतो. बाकीचा वाट बघण्यात, पोच देण्यात आणि चुकलेलं पुन्हा पाठवण्यात जातो. फुल एचडी व्हिडिओला साधारण पाच एमबीपीएस लागतात. हॉलमधला फोन 866च्या पायरीवर आहे, म्हणजे प्रत्यक्ष 520. पाच एमबीपीएसचा व्हिडिओ बघताना तो राउटरच्या दर सेकंदातला एक टक्का वेळ घेतो. हॉलमध्ये असे सहा जण एकदम व्हिडिओ बघत बसले, तरी सहा टक्के. मागच्या खोलीतला जुना फोन 32.5च्या पायरीवर आहे, प्रत्यक्ष वीसच्या आसपास. तोच व्हिडिओ बघायला तो एकटा पंचवीस टक्के वेळ खातो. तिथे असे दोन फोन असले, तर राउटरचा अर्धा वेळ संपला, आणि हॉलमधले सहा जण एकत्र करूनही त्याच्या आठव्या भागाला पोचत नाहीत.

आता उपाय लावून बघा. एमयू-मिमोने हॉलमधल्या सहा जणांना अगदी आदर्श रीतीने जोडीजोडीने वाढलं, तर सहा टक्क्यांचे तीन होतील. वाचले तीन. बीमफॉर्मिंगने मागच्या खोलीतल्या एका फोनला एक पायरी वर चढवलं, तर पंचविसाचे साडेबारा होतील. वाचले साडेबारा. आणि मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढून तिथे दुसरा साधा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून वेगळ्या चॅनलवर लावला, तर तो फोन एका अँटेनाची सर्वांत वरची पायरी, 433 एमबीपीएस, गाठतो. त्याचा व्हिडिओ तिथल्या राउटरचे दोन टक्के घेतो आणि हॉलच्या राउटरचे पंचवीसच्या पंचवीस टक्के मोकळे होतात.

एमयू-मिमो जिथे उत्तम चालतं तिथे आधीच अडचण नसते, आणि जिथे अडचण असते तिथे ते चालत नाही. घरभर फोन असले तरी नेट मंदावतं ते फोनांच्या संख्येने फारच कमी वेळा. बहुतेक वेळा दूरच्या दोन-तीन फोनांच्या हळू बोलण्याने मंदावतं, आणि बाकीचे सगळे त्यांचं बोलणं संपायची वाट बघत बसतात.

वहिनींच्या मीटिंगची गोष्ट यात आणखी एक आहे. बीमफॉर्मिंग घरात मुख्यतः राउटरकडून फोनकडे जाणाऱ्या लहरींसाठी चालतं. फोनच्या एक-दोन अँटेनांना उलट दिशेने तसं फारसं करता येत नाही, आणि बॅटरी वाचवायची म्हणून फोनची शक्तीही राउटरपेक्षा कमी असते. मागच्या खोलीत त्यांना सगळ्यांचे चेहरे आणि आवाज नीट येत होते, पण त्यांचाच आवाज तुटत होता. राउटरचं फोनला ऐकू जात होतं, फोनचं राउटरला जात नव्हतं. मीटिंगमधले लोक "तुमचा आवाज कट होतोय" म्हणत असतील आणि तुम्हाला मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत असेल, तर बहुधा हेच झालेलं असतं. राउटर कितीही महागडा आणला तरी फोनचा आवाज त्याने वाढत नाही. फोनजवळ राउटर न्यावा लागतो.

मग नव्या राउटरांत फोनांनी भरलेल्या घराच्या खरंच उपयोगाचं काही आहे का? आहे, पण त्याचं नाव खोक्यावर सहसा बारीक अक्षरांत असतं: ओएफडीएमए. वायफाय 6बरोबर ते आलं. फोनांचा बराचसा व्यवहार चिल्लर असतो. मेसेज आला, डबल टिक गेली, नोटिफिकेशन वाजलं, गेमने आपली जागा कळवली. शंभर बाइटचा मेसेज वेगवान वायफायवर काही मायक्रोसेकंदांत जातो, पण त्याआधी आपली पाळी येईपर्यंत थांबणं आणि पुढे पोच घेणं यात शंभर-दोनशे मायक्रोसेकंद सहज जातात. चमचाभर तूप वाढायला दर पानामागे स्वयंपाकघरात परत जाऊन येण्यासारखं ते होतं. ओएफडीएमएमध्ये राउटर चॅनलचे तुकडे पाडतो आणि एकाच फेरीत अनेकांना त्यांच्या त्यांच्या तुकड्यावर वाढून जातो. वीस मेगाहर्ट्झच्या चॅनलचे जास्तीत जास्त नऊ तुकडे पडतात, ऐंशीच्या चॅनलचे सदतीस. यात लहरी मारण्याचं नाजूक काम नसल्यामुळे फोन शेजारीशेजारी असले किंवा हलत असले तरी चालतं. मोठी फाइल उतरवताना याचा फायदा दिसत नाही. पुष्कळ फोन एकदम थोडं थोडं बोलत असताना होणारा उशीर मात्र कमी होतो. अट एकच, फोनही वायफाय 6चे हवेत. वायफाय 5चा फोन या फेरीत बसू शकत नाही, त्याला जुन्याच रीतीने वेगळं वाढावं लागतं.

राउटर घेण्याआधी म्हणून घरातले फोन बघा. नव्या अँड्रॉइड फोनांत वायफायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली, की `Receive link speed` आणि `Transmit link speed` असे दोन आकडे दिसतात. पहिला राउटरकडून फोनकडे, दुसरा फोनकडून राउटरकडे. इंटरनेटचा वेग मोजणारी अॅप इथे फसवतात, कारण शंभर एमबीपीएसचा प्लॅन असला तर राउटर आठशे देतोय की दोनशे, ते कळतच नाही. हे दोन आकडे मात्र घरातल्या हवेचा हिशेब सांगतात. फोन टेबलावर ठेवा, हातात नको. प्रत्येक खोलीत चार-पाच वेळा आकडे बघून लिहून ठेवा. मग राउटरच्या सेटिंगमध्ये `Beamforming` असं बटण असेल तर ते बंद करून पुन्हा तसंच बघा. बंद-चालूत फक्त पहिला आकडा बदलला आणि दुसरा तसाच राहिला, तर बीमफॉर्मिंग काम करतंय. दोन्ही बदलले नाहीत, तर तुमच्या फोनला किंवा त्या जागेला ते लागू नाही.

आमच्या घरी मी हे केलं. हॉलमध्ये फरक नव्हता, स्वयंपाकघरात थोडा होता, मागच्या खोलीत पहिला आकडा वर गेला आणि दुसरा जागचा हलला नाही. मीटिंगचं उत्तर तिथेच मिळालं.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांबद्दलही एक सांगायला हवं. एएक्स 5400 असं लिहिलेलं असतं तेव्हा ती दोन बँडच्या कमाल वेगांची बेरीज असते, 574 अधिक 4804. त्यातला 4804चा आकडा चार अँटेना आणि दुप्पट रुंद चॅनल धरून काढलेला आहे. दोन अँटेनांच्या वायफाय 6 फोनला नेहमीच्या ऐंशी मेगाहर्ट्झच्या चॅनलवर जास्तीत जास्त 1201 मिळतात. खोक्यावर आठ अँटेना असल्या तरी फोनच्या दोनच राहतात.

तेव्हा बीमफॉर्मिंग चालू ठेवा, त्याने नुकसान नाही आणि मधल्या अंतरावर फायदा आहे. घरातले निम्मे-अधिक फोन वायफाय 6चे झाले असतील, तर वायफाय 6चा साधा राउटर घ्या. त्यानंतर घरातला एखादा जुना प्रिंटर किंवा लॅपटॉप जोडला जाईना, तर 2.4 गिगाहर्ट्झवर वायफाय 6ची रीत बंद करून बघा, बरेचदा तो लगेच जोडला जातो. एमयू-मिमो आहे म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका. आणि राउटर दारापाशीच का असावा, तर केबलवाल्याने वायर तिथे आणून सोडली म्हणून. ती वायर घराच्या मध्यापर्यंत वाढवून घ्या. आम्ही विसर्जनानंतरच्या रविवारी जुना राउटर माळ्यावरून काढला आणि बारा मीटरची लॅन केबल स्कर्टिंगच्या कडेने ओढून तो मागच्या खोलीत लावला. नव्या राउटरच्या किमतीच्या मानाने केबलला लागलेले पैसे किरकोळ होते.